465.75 जीबीचा तुकडा: चरईतल्या डीटीपी दुकानातली न दिसणारी हार्ड डिस्क

ठाण्यात चरईतल्या एका गल्लीत लग्नपत्रिका, पावती पुस्तकं आणि मंडळांचे अहवाल करणारं जुनं डीटीपीचं दुकान आहे. काका आणि त्यांची सून मिळून ते चालवतात. सुनेला मी वहिनी म्हणतो. गणपतीच्या आधीचा महिना त्यांना मान वर करायला फुरसत नसते. प्रत्येक मंडळाला गेल्या वर्षीच्याच अहवालाची फाइल उघडून त्यात जमाखर्च, देणगीदारांची नावं आणि जाहिराती बदलून हव्या असतात. या सगळ्या फाइली एका 4 टीबीच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहेत. टेबलावर उभी राहणारी, स्वतःचा अडॅप्टर लागणारी, साडेतीन इंची डिस्क. 2013 साली दुकानात विंडोज एक्सपी असताना ती घेतली होती.

गेल्या ऑगस्टमध्ये वहिनींचा फोन आला तेव्हा डिस्क बंद पडून अकरा दिवस झाले होते. "दादा, एकाने डिस्क गेली सांगितलंय. रिकव्हरीला द्यायची का नाही ते तुम्ही बघून सांगा, तोवर मी कोणाला हात लावू देत नाही." हे शेवटचं वाक्य किती मोलाचं होतं ते पुढे कळेल.

मी गेलो तेव्हा टेबलावर पाच वस्तू होत्या: जुनं केसिंग, म्हणजे डिस्क ज्यात बसते तो बाहेरचा डबा, त्याचा मूळ अडॅप्टर, इंटरनेटच्या राउटरचा अडॅप्टर, प्रिंटरची लांब केबल आणि एक कोरं केसिंग. डिस्क त्या कोऱ्या केसिंगमध्ये बसवलेली होती. यातली प्रत्येक वस्तू गोष्टीत कुठे आली हे आधी विचारून घेतलं. एकच मूळ बिघाड आणि त्यावर चढलेले दुरुस्तीचे थर असं अशा प्रकरणात नेहमी असतं, आणि क्रम कळल्याशिवाय ते थर वेगळे होत नाहीत.

क्रम असा निघाला. जुलैत पावसाच्या दिवसांत वीज दोन-तीनदा गेली-आली. त्यानंतर डिस्क अधूनमधून गायब व्हायला लागली, मग दिसेनाशीच झाली. काकांच्या भाच्याने अडॅप्टरवर संशय घेऊन राउटरचा अडॅप्टर लावला, कारण पिन तीच आणि लिहिलेलंही 12 व्होल्टच. डिस्क फिरायला लागल्यासारखी व्हायची, टक् करून थांबायची, परत फिरायची. त्यातच एकदा ती चालू झाली आणि मिनिटभर दिसली. केबल खराब असेल म्हणून मग प्रिंटरची केबल लावून झाली. शेवटी एका दुकानात नेल्यावर तिथे केसिंग गेलंय असं सांगून डिस्क कोऱ्या केसिंगमध्ये घातली. त्यात ती दिसली, पण उघडेना. विंडोज म्हणे फॉरमॅट करा. तिथे निदान झालं: डिस्कच गेली.

स्क्रीनवरचा आकडा

मी सुरुवात त्या कोऱ्या केसिंगपासून केली, कारण डिस्क तिथे निदान दिसत तरी होती. जोडल्यावर ती एका दमात, कुठलाही टक्-टक् आवाज न करता फिरायला लागली. विंडोजने लगेच फॉरमॅटचा प्रश्न विचारला, तो `Cancel` केला. मग क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून डिस्कची तब्येत बघितली. 05 म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर, आणि C5 म्हणजे वाचता न आल्याने संशयात ठेवलेले सेक्टर. दोन्हींची नोंद शून्य. ज्या डिस्कचे हे दोन आकडे शून्य आहेत आणि जी शांतपणे फिरते आहे, ती 'गेली' असं मी सहजासहजी मानत नाही.

मग डिस्क मॅनेजमेंट उघडलं. 4 टीबीची डिस्क तिथे 3726.02 जीबीची दिसते, कारण डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या. म्हणजे एकूण आकार बरोबर होता. पण त्याचे तीन तुकडे पडलेले: पहिला 465.75 जीबीचा, त्यावर `RAW` लिहिलेलं, म्हणजे आतली मांडणी विंडोजला ओळखता आलेली नाही. मग 1582.25 जीबी `Unallocated`, म्हणजे कुठल्याच पार्टिशनला न दिलेली जागा. मग आणखी 1678.02 जीबी `Unallocated`.

या दुकानात कोणीही कधी 465 जीबीचं पार्टिशन केलेलं नव्हतं. डिस्क घेतली तेव्हा पूर्ण 4 टीबी एकच पार्टिशन होतं, काकांना ते पक्कं आठवत होतं. मी मोबाइलवर 465.75 गुणिले 8 केलं. उत्तर आलं 3726.

इथेच प्रकरण फुटलं. तो आठ कुठून आला ते नीट सांगतो.

डिस्कवरची जागा सेक्टरमध्ये मोजतात आणि बाहेरच्या जगाला सेक्टर बहुधा 512 बाइटचा सांगितला जातो. जुन्या पद्धतीच्या पार्टिशन तक्त्यात, म्हणजे एमबीआरमध्ये, सेक्टरचा क्रमांक 32 बिटांत मावावा लागतो. 512 बाइटचे तितके सेक्टर म्हणजे 2048 जीबी, त्याच्या पुढची जागा या तक्त्याला मोजताच येत नाही. नवी पद्धत जीपीटी, पण 32 बिटी एक्सपीला जीपीटी डिस्क वापरता येत नव्हती. मग 3 आणि 4 टीबीच्या डिस्क एक्सपीवर चालवायच्या कशा? केसिंगमधल्या ब्रिज चिपने त्यावर युक्ती केली. केसिंगच्या आत डिस्क साटाची भाषा बोलते, बाहेर केबलवर यूएसबीची भाषा असते आणि मध्ये दुभाषी म्हणून ही चिप बसते. त्या काळातल्या बऱ्याच चिप कंप्युटरला सांगायच्या की माझा सेक्टर 512 नाही, 4096 बाइटचा आहे. सेक्टर आठपट मोठा, म्हणून तोच एमबीआर तक्ता 16 टीबीपर्यंत पुरायचा.

काकांच्या डिस्कवरचा तक्ता 2013 साली त्या दुभाष्याच्या हिशोबाने लिहिला गेला होता. त्यात लिहिलंय: पार्टिशन 256 व्या सेक्टरपासून सुरू, आणि पुढे साधारण 97 कोटी 67 लाख सेक्टर. सेक्टर 4096 चा धरला तर 1 एमबीपासून सुरू होणारं 3726 जीबीचं पार्टिशन. कोऱ्या केसिंगमधली चिप मात्र सेक्टर 512 चा सांगते. तेच आकडे तिच्या हिशोबाने 128 केबीपासून सुरू होणारं 465.75 जीबीचं पार्टिशन होतात. विंडोज 128 केबीवर जाऊन एनटीएफएसची, म्हणजे फाइली मांडायच्या आपल्या पद्धतीची, सुरुवात शोधतं, तिथे काहीच नसतं, म्हणून `RAW`. माहिती जागच्या जागी आहे, फक्त मोजपट्टी बदलली.

अंदाज पक्का करायला पॉवरशेलमध्ये एक ओळ पुरते:

```
Get-Disk | Format-Table Number, FriendlyName, Size, LogicalSectorSize, PartitionStyle
```

`LogicalSectorSize` खाली 512 आलं, `PartitionStyle` खाली `MBR`. 2 टीबीपेक्षा मोठी डिस्क, एमबीआर तक्ता, आणि एका आठव्या आकाराचं `RAW` पार्टिशन. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की मला दुसरं कारण शोधावंसं वाटत नाही.

वहिनींनी फॉरमॅट करू दिलं नाही याचं मोल इथे. तो झाला असता तर विंडोजने चुकीच्या जागी, जुन्या फाइलींच्या मधोमध, स्वतःचे नवे तक्ते लिहिले असते. `Initialize` केलं असतं तर नुकसान त्या मानाने कमी: सुरुवातीचे आणि शेवटचे थोडेच केबी बदलतात, पण मूळ तक्ता पुसला जातो आणि काम किचकट होतं.

वाट स्पष्ट झाली. डिस्क परत जुन्या केसिंगमध्ये घालायची. पण जुनं केसिंग बंद का पडलं होतं, ते अजून कळायचं होतं.

अडॅप्टर

साडेतीन इंची डिस्कला दोन दाब लागतात, चकत्या फिरवणाऱ्या मोटरला 12 व्होल्ट आणि इलेक्ट्रॉनिक्सला 5 व्होल्ट. अडॅप्टर फक्त 12 देतो, केसिंगमधलं सर्किट त्यातून 5 काढतं. (अडीच इंची छोट्या डिस्कला 12 व्होल्ट लागतच नाहीत, म्हणून ती यूएसबीवरच चालते.) डिस्कच्या लेबलवर 12 व्होल्टपुढे अर्ध्या-पाऊण अँपिअरचा आकडा असतो, तो चकत्या फिरत असतानाचा. थांबलेल्या चकत्या फिरवायला घेताना काही सेकंद दीड-दोन अँपिअरपर्यंत करंट लागतो. म्हणून या केसिंगबरोबर 12 व्होल्ट 2 अँपिअरचा अडॅप्टर देतात.

राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलं होतं 12 व्होल्ट 1 अँपिअर. डिस्क उठायला जायची, दाब कोसळायचा, मोटर थांबायची. थांबली की दाब परत वर यायचा आणि डिस्क परत उठायला जायची. भाच्याने ऐकलेला टक् आवाज तोच. चकत्या वाचणारं हेड बिघडलं तरी आवाज असाच येतो, कानाने फरक सांगणं अवघड. फरक कळतो तो पुरेशा ताकदीचा अडॅप्टर लावल्यावर. आवाज गेला तर दोष विजेचा. आवाज राहिला तर डिस्क लगेच बंद करायची आणि पुन्हा लावून बघायची नाही. काकांची डिस्क कोऱ्या केसिंगच्या 2 अँपिअरच्या अडॅप्टरवर शांत फिरली होती, म्हणजे तो प्रश्न सुटलेला होता.

मग मूळ अडॅप्टर का नाही चालला? काका म्हणाले, "अरे, तो तर चांगला आहे, त्या दुकानातल्या माणसाने मीटर लावून बघितला, बरोबर 12 दाखवतो." मीही मीटर लावला, 12.1 आले. पण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. रिकाम्या हाताने उभा राहणारा माणूस गोणी उचलेलच असं नाही. जुन्या अडॅप्टरमधले कपॅसिटर सुकले की तो मोकळा असताना पूर्ण दाब दाखवतो आणि भार आला की बसतो.

भार द्यायला मी स्कूटरच्या इंडिकेटरचे 12 व्होल्ट 10 वॉटचे दोन बल्ब जवळ ठेवतो. दोन्ही समांतर जोडले की साधारण 1.7 अँपिअर ओढतात, म्हणजे डिस्क उठतानाच्या भाराच्या जवळपास. बल्बची तार थंड असताना क्षणभर बराच जास्त करंट घेते, म्हणून आकडा तीन-चार सेकंदांनी वाचायचा. मूळ अडॅप्टरवर बल्ब लावले तर ते तांबूस पेटले आणि मीटर 8.6 वर आला. कोऱ्या केसिंगच्या अडॅप्टरवर तेच बल्ब पांढरे पेटले, मीटर 11.8. मूळ बिघाड सापडला. बाकी सगळं त्यानंतर झालं होतं.

कोऱ्या केसिंगचा अडॅप्टर जुन्याला चालेल का हे बघताना पिन बसते एवढ्यावर थांबलो नाही. दोन्हींच्या लेबलवर गोलाचं छोटं चित्र असतं, मधला बिंदू अधिक आहे की वजा ते त्यात दिसतं. दोन्हीकडे मधला अधिक, दोन्हीकडे 12 व्होल्ट 2 अँपिअर. चालणार होतं.

केबल आणि ती कुठे लावली

जुन्या केसिंगला यूएसबी 3 ची चौकोनी खाच आहे, वरच्या बाजूला छोटा मजला चढवल्यासारखी. प्रिंटरची साधी चौकोनी पिन या खाचेच्या खालच्या भागात बरोब्बर बसते. बसते आणि चालतेही, पण यूएसबी 2 च्या वेगाने. डीटीपीच्या दुकानात प्रिंटरच्या केबली ढिगाने, त्यामुळे ही अदलाबदल कोणाच्या लक्षातही आली नव्हती.

त्यांची केबल पाच मीटरची आणि कंप्युटरच्या पुढच्या बाजूच्या पोर्टमध्ये लावलेली. पुढचा पोर्ट आतल्या एका तारेने मदरबोर्डला जोडलेला असतो, म्हणजे लांबी आणखी वाढली. मला ही जोडणी तशीच करून बघायची होती. काकांची डिस्क न घालता, माझ्या पिशवीतली जुनी 500 जीबीची डिस्क जुन्या केसिंगमध्ये घातली, चांगला अडॅप्टर दिला आणि प्रिंटरची केबल पुढे लावली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आलं:

```
Unknown USB Device (Device Descriptor Request Failed)
```

याचा अर्थ असा की पलीकडे कोणीतरी आहे हे कंप्युटरला कळलं, त्याने 'तू कोण?' विचारलं, पण उत्तर धड पोचलं नाही. डिस्कचा इथे काही संबंध नाही. बोलणं कंप्युटर आणि ब्रिज चिप यांच्यातच अडकलंय. तीच केबल मागच्या पोर्टला लावली तर केसिंग दिसलं. मूळची मीटरभराची यूएसबी 3 ची केबल वहिनींनी खणातून शोधून दिली, ती मागच्या निळ्या पोर्टला लावली तर तेही नीट आणि लगेच. मूळ केबल पहिल्यापासून निर्दोष होती.

ब्रिज चिप

माझी डिस्क आधी घालण्यामागे हेच कारण होतं. अकरा दिवस कमी-जास्त वीज खाल्लेल्या केसिंगवर दुकानाची एकुलती एक डिस्क थेट लावायला मी तयार नव्हतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आता `USB Mass Storage Device` आलं होतं. त्याच्या `Properties` मध्ये `Details`, तिथे `Hardware Ids` निवडलं की `USB\VID_` ने सुरू होणारी ओळ दिसते. त्यातले चार अक्षरांचे क्रमांक ब्रिज चिपच्या कंपनीचे असतात, उदाहरणार्थ `152D` म्हणजे जेमायक्रॉन, `174C` म्हणजे एएसमीडिया. इथे खरा क्रमांक येतोय म्हणजे चिप जिवंत आहे आणि स्वतःची ओळख सांगू शकते. चिप मेलेली असती तर चांगल्या केबलवरही `VID_0000` दिसलं असतं, नाहीतर काहीच दिसलं नसतं.

चिप दिसते पण डिस्क नाही, असाही एक प्रकार असतो. ओळख बरोबर येते आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये `No Media` किंवा शून्य आकार दिसतो. तेव्हा बिघाड चिपच्या पलीकडे, डिस्क नीट बसलेली नाही किंवा फिरत नाही इथे शोधायचा. इथे तसं नव्हतं. माझी 500 जीबीची डिस्क पूर्ण आकाराने दिसली. अर्धा तास त्यावर फाइली लिहिल्या, परत वाचल्या, केसिंग एकदाही तुटलं नाही.

मग वरची पॉवरशेलची ओळ चालवली आणि मी थबकलो. `LogicalSectorSize` 512. माझ्या अंदाजाप्रमाणे हे केसिंग 4096 सांगायला हवं होतं. वहिनी स्क्रीनकडे बघत होत्या. "काय झालं?" मी खरं ते सांगितलं, की एक आकडा मनासारखा आला नाही. थोडा वेळ विचार केल्यावर लक्षात आलं की काही चिप ही युक्ती फक्त 2 टीबीपेक्षा मोठ्या डिस्कलाच करतात, छोट्या डिस्कला गरजच नसते. म्हणजे माझ्या डिस्कवरून हो किंवा नाही काहीच सिद्ध होत नव्हतं. काकांची डिस्क घालूनच कळणार होतं.

विजेची बाजू पक्की, केबल पक्की, चिप अर्धा तास तपासलेली. डिस्क कोऱ्या केसिंगमधून काढली, जुन्यात घातली. चकत्या उठल्याचा आवाज एकसारखा चढत गेला आणि स्थिर झाला. परत तीच ओळ. आकार तोच, पण `LogicalSectorSize` आता 4096.

दिसते, पण नाही

डिस्क मॅनेजमेंटमध्ये आता एकच तुकडा होता: 3726.02 जीबी, `NTFS`, `Healthy`. काकांनी हात जोडले. पण `This PC` उघडलं तर तिथे काहीच नाही. "म्हणजे अजून गेलेलीच का?" वहिनींचा आवाज पडला.

पार्टिशनच्या पट्टीवर नाव होतं, आकार होता, पण कंसातलं अक्षर नव्हतं. ड्राइव्ह लेटर नसेल तर विंडोजला ते पार्टिशन पूर्ण ठाऊक असतं, फक्त आपल्याला आत शिरायला दार नसतं. बहुतेक वेळा विंडोज स्वतःच अक्षर देतं. इथे का दिलं नाही?

भाच्याला फोन लावला. राउटरच्या अडॅप्टरवर डिस्क मिनिटभर दिसली होती ना, तेव्हा काय केलं होतंस? त्याने आठवून सांगितलं. दुसऱ्या अक्षराने उघडते का बघायला तो `Change Drive Letter and Paths` मध्ये गेला, आधीचं P `Remove` केलं, आणि नवं द्यायच्या आत डिस्क गायब झाली. फिरणाऱ्या चकत्यांना अर्धा-पाऊण अँपिअर पुरतो, म्हणून एकदा कशीबशी उठल्यावर डिस्क 1 अँपिअरवर मिनिटभर चालली. पण अपुऱ्या अडॅप्टरवर ती टिकणार कशी?

अक्षर आपण हाताने काढलं की विंडोज ती आपली इच्छा समजून रजिस्ट्रीत नोंदवून ठेवतं, आणि तेच पार्टिशन परत जोडलं तर आपणहून अक्षर देत नाही. पार्टिशनची ओळख ते डिस्कची सही आणि पार्टिशन सुरू होण्याची जागा या दोन्हींवरून पटवतं. त्यामुळे कोऱ्या केसिंगमध्ये, जिथे सुरुवातच वेगळी दिसत होती, अक्षर आपोआप मिळालं आणि फॉरमॅटचा प्रश्न आला. जुन्या केसिंगमध्ये ओळख जुळली आणि अक्षर मिळालं नाही.

P हेच परत हवं होतं, कारण वर्षानुवर्षांच्या कोरलच्या फाइलींमधल्या जोडलेल्या चित्रांचे पत्ते P पासून सुरू होतात. दुसऱ्या कंप्युटरचं एखादं सामायिक फोल्डर या मधल्या काळात P नावाने जोडलं तर गेलं नाही ना, ते `net use` ने बघून घेतलं. तसं असतं तर अक्षर देऊनही समोर ते फोल्डरच दिसत राहिलं असतं. नव्हतं. मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये:

```
diskpart
list volume
select volume 4
assign letter=P
exit
```

`list volume` मध्ये `Ltr` चा रकाना रिकामा आणि आकार 3726 जीबी असलेली ओळ आमच्याकडे 4 क्रमांकाची होती. हा क्रमांक प्रत्येक कंप्युटरवर वेगळा येतो, त्यामुळे आकार बघूनच निवडायचा. P उघडलं. 'अहवाल' फोल्डर, त्यात वर्षांची फोल्डरं. वहिनींनी पहिल्यांदा गेल्या वर्षीच्या एका मंडळाची फाइल उघडून बघितली, तेव्हाच त्या खुर्चीत टेकल्या.

विंडोजने डिस्क तपासून दुरुस्त करू का असं विचारलं. त्याला नाही म्हटलं. एकच प्रत असताना मी तिच्यावर काहीही लिहू देत नाही, दुरुस्तीसुद्धा नाही.

प्रत

आता अडचण वेगळी होती. ही डिस्क फक्त या एका जुन्या चिपमधूनच सरळ वाचली जाते. चिप उद्या गेली तर डिस्क ठणठणीत असूनही परत तेच `RAW` दिसणार. म्हणून काकांना नवी 4 टीबीची डिस्क आणायला सांगितली आणि ती कोऱ्या केसिंगमध्ये जीपीटी करून घेतली. जीपीटी असली की जुन्या मोजपट्टीच्या युक्तीची गरज उरत नाही. त्या दिवशी कोऱ्या केसिंगला स्वतःचा अडॅप्टर हवा होता आणि तो तर जुन्याला लावलेला, म्हणून 12 व्होल्ट 2 अँपिअरचा आणखी एक अडॅप्टर स्टेशनजवळून आणला. तोही बल्बवर 11.7 दाखवल्यावरच लावला. नव्या डिस्कचं अक्षर Q होतं. प्रत कमांड प्रॉम्प्टमध्येच सुरू केली:

```
robocopy P:\ Q:\ /E /R:1 /W:1 /XJ /XD "System Volume Information" "$RECYCLE.BIN" /LOG:C:\prat.txt
```

साधारण 2.6 टीबी माल होता. सेकंदाला 120 एमबी धरले तर सहा तासांचं काम, पण पत्रिकांच्या छोट्या छोट्या फाइली लाखांनी, त्यामुळे रात्रभर चाललं. प्रिंटरच्या केबलवर सेकंदाला 35 एमबीच्या आसपासच वेग मिळतो. मोठ्याच फाइली असत्या तरी त्यावर वीस तास गेले असते. सकाळी `prat.txt` च्या शेवटच्या तक्त्यात `FAILED` खाली शून्य होतं. वहिनींनी वेगवेगळ्या वर्षांच्या वीस-पंचवीस फाइली नव्या डिस्कवरून कोरलमध्ये उघडून बघितल्या. मग P हे अक्षर नव्या डिस्कला दिलं, जुनीला Z.

जुनी चिप खरोखर मेलेली निघाली असती तर? तेव्हाही रिकव्हरीवाल्याकडे जायची गरज नव्हती. लिनक्समध्ये डिस्कवर केवळ वाचण्यापुरती 4096 ची मोजपट्टी चढवता येते. खाली `sdb` च्या जागी आपल्या डिस्कचं नाव `lsblk` मध्ये बघून घालायचं:

```
sudo losetup -r -P -b 4096 -f --show /dev/sdb
sudo mount -o ro /dev/loop0p1 /mnt
```

पहिली ओळ `loop0` ऐवजी दुसरा क्रमांक दाखवू शकते, मग दुसऱ्या ओळीत तो घालायचा. `-r` आणि `ro` मुळे डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही. मात्र चिप डिस्कवरची माहिती कूटबद्ध करून ठेवणारी असेल तर हा उपाय चालत नाही. काही तयार बाहेरच्या डिस्कमध्ये पासवर्ड न ठेवताही तसं होतं. तिथे पार्टिशन तक्ताच ओळखू येत नाही, अगदी चुकीच्या आकाराचाही नाही. आपल्याकडे 465.75 चा आकडा वाचता आला, म्हणजे डिस्कवर साधी, उघडी माहिती आहे हे पहिल्याच तासात कळलं होतं.

जुन्या केसिंगवर वहिनींनी पांढरी पट्टी चिकटवून मार्करने लिहिलं: "ही डिस्क याच डब्यात. फॉरमॅट विचारलं तर नाही." खाली अडॅप्टरचे 12 व्होल्ट 2 अँपिअर. राउटरचा अडॅप्टर राउटरला परत गेला, आणि दुपारी पहिल्या मंडळाचा अहवाल छपाईला.